‘समजा’ कुठं आलं, ‘मात्र’ कुठं आलं

पिंगळीहून आम्ही बोलतोय.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी मागे सोयाबीन एकरी ३५ किलो पेरलं. बियाणं घरचंच होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली, तर शंभरातले ७८ दाणे उगवले होते. म्हणजे एकरी ३० किलो पुरे होतं. झालं काय, पीक दाट झालं, नुसतं उंच वाढलं, फांद्या कमी फुटल्या आणि शेवटी लोळलं. ३५ आलं कुठून, म्हणून आम्ही विचारलं. त्यांनी वही पुढं केली. व्याख्यानाच्या पानावर लिहिलं होतं, ‘सोयाबीन, एकरी ३५ किलो.’

त्या व्याख्यानाला आम्हीही होतो. वक्ते बोलले ते असं : ‘‘सत्तर किंवा जास्त उगवले, तर एकरी तीस किलो. त्याच्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं. समजा, साठच उगवले, तर पस्तीस किलो. त्याहून कमी असलं तर ते बियाणं वापरायचंच नाही.’’ वहिनींनी ‘समजा’ सोडलं आणि पस्तीस घेतलं. त्यांचा दोष नाही. आकडा कानाला लागतो, ‘समजा’ निसटतं.

म्हणून आता आम्ही व्याख्यान ऐकताना आधी असे शब्द धरतो. ‘समजा’, ‘उदाहरणार्थ’, ‘आता हेच बघा ना’ आलं, की पुढचं उदाहरण. ते ऐकायचं, पण नेम म्हणून लिहायचं नाही. नेम बहुतेक त्याच्या आधीच्या वाक्यात असतो. वर बघा, ‘दर टक्क्याला अर्धा किलो’ हा नेम. तो हाती असला की ६६ टक्क्यांना किती, हे घरी बसून काढता येतं. चार टक्के कमी, म्हणून दोन किलो जास्त, म्हणजे ३२ किलो.

कीर्तनाला बसणाऱ्या बायकांना हे नवं नाही. बुवा दृष्टांत सांगतात तेव्हा राजाची गोष्ट कोणी आपल्या घरची समजत नाही. गोष्ट संपवून बुवा परत अभंगाच्या चरणावर आले, की मुद्दा पुरा झाला हे आपल्याला कळतं. व्याख्यानात टाळ वाजत नाही, एवढाच फरक.

उलट मुद्दा ओळखणं त्याहून अवघड. वक्ते पुष्कळदा दुसऱ्याचं मत आधी सांगतात आणि मग खोडतात. ‘‘बरेच जण म्हणतात, पहिला पाऊस पडला की पेरून टाकावं, जमीन ओली आहे, मजूर मिळतो. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.’’ भराभर लिहिणारी बाई पहिलं वाक्यच उतरवते, कारण ते आधी येतं. ‘बरेच जण म्हणतात’, ‘आपल्याला वाटतं’, ‘एरवी’ असं ऐकलं, की आम्ही पेन उचलून धरतो आणि ‘पण’ची वाट बघतो.

‘पण’ निदान वाक्याच्या तोंडाशी येतं. ‘मात्र’ मधेच लपतं. बीजप्रक्रियेचं सांगताना ते म्हणाले, ‘‘आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, रायझोबियम मात्र शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरा.’’ त्या एका ‘मात्र’मध्ये सगळा क्रम आहे. जिवाणू आधी लावले आणि वरून औषध चोळलं, तर ते जिवाणू मरू शकतात.

विषय बदलतो तेव्हा ‘हे झालं बियाण्याचं’, ‘आता खताकडं येऊ’ असं काहीतरी येतं. गोष्टीत वाहवलेले वक्ते ‘असो’ म्हणतात. ‘असो’ म्हणजे मधलं सोडा, मूळ मुद्द्यावर चला. तिथं आम्ही वहीत आडवी रेघ मारतो. खताचा आकडा बियाण्याखाली जात नाही.

यात फसगतही होते. काहींना दर वाक्याला ‘आता’ म्हणायची सवय असते, काहींना ‘म्हणजे’. तिथं शब्दावर जाऊ नये. खरंच विषय बदलताना माणूस जरा थांबतो, आवाज नव्यानं उचलतो आणि पाठोपाठ नवं नाव घेतो, खत, तण, कीड. नुसतं सवयीचं ‘आता’ असलं तर बोलणं तसंच पुढं जातं. आणि कोणी वक्ते असली खूण देतच नाहीत. मग शेवटी उठून सरळ विचारावं, ‘‘साहेब, ते पस्तीस उदाहरण होतं का सगळ्यांना लागू?’’

गटात ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आम्ही एकेक काम देतो. एक मावशी फक्त ‘समजा’ ऐकतात, एक फक्त ‘पण’ आणि ‘मात्र’. परतताना रिक्षात दोघी सांगतात, आणि वहिनी वही उघडून तपासतात. त्यांनी पान उभं दुमडलंय. डावीकडं नेम, उजवीकडं उदाहरणं. ३५ आता उजवीकडं आहे.