कोलोनोस्कोपीच्या आधी

वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता, म्हणून पन्नाशीतले काका त्रास नसतानाही तपासणीला आले. हात थरथरत होते.

"शेवटचं शौचाला कसं झालं?" सिस्टरनी विचारलं.

"पिवळसर पाणी. आरपार दिसणारं."

"छान, आतडं स्वच्छ आहे. गढूळ असतं तर छोटी गाठ नजरेतून सुटते." सुई टोचत त्या म्हणाल्या, "गुंगीचं औषध यातूनच देतील. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपा. पोट फुगल्यासारखं वाटेल. वारा सरला तर लाजू नका."

"आणि गाठ निघाली तर?"

"छोटी असली तर बहुधा तिथंच काढतात. काही गाठींचा पुढे कर्करोग होतो, तो टळतो."

काका कुशीवर वळले. एक गाठ निघाली, ती तपासायला पाठवली. न्यायला मुलगा आला होता. गुंगीनंतर त्या दिवशी गाडी चालवायची नसते.