चकली ४९० ची की ४१० ची? रेट लिस्टचा स्क्रीनशॉट पाठवण्याआधी हे तपासा

गेल्या व्हिडिओत मी फराळाच्या ऑर्डरचा हिशोब दाखवला होता. त्यात एक गोष्ट घाईत सांगून पुढे गेले, आणि खाली सगळ्यात जास्त प्रश्न नेमके त्यावरच आले. ती गोष्ट म्हणजे रेट लिस्टचा स्क्रीनशॉट. म्हणून आज तेवढंच, पण नीट.

आधी माझी फजिती सांगते. मागच्या दिवाळीला मी फोनवरच स्प्रेडशीटमध्ये रेट लिस्ट केली. नावं, वजनं, दर, खाली ऑर्डरची शेवटची तारीख. लिस्ट लांब झाली, म्हणून फोनमधला स्क्रोल होणारा लांब स्क्रीनशॉट घेतला आणि ग्रुपवर टाकला. माझ्या फोनवर सगळं स्वच्छ दिसत होतं. तीन दिवसांनी एक काकू तीन किलो भाजणीच्या चकलीचे मोजून १२३० रुपये घेऊन आल्या. माझ्या हिशोबाने १४७० होत होते. काकूंनी फोन पुढे केला, "हे बघ गं, तूच पाठवलंयस, चारशे दहा." मी बघितलं, आणि खरंच तिथे ४९० होतं की ४१० हे मलाही ठरवता येईना. ९ चं तोंड बुजून गेलं होतं. मी १२३० च घेतले. २४० रुपये गेले ते गेले, पण ती लिस्ट आणखी किती जणांनी ४१० अशी वाचली असेल, याने रात्रभर झोप लागली नाही.

चूक माझीच होती. मी माझ्या गॅलरीतलं चित्र तपासलं, काकूंच्या फोनवर पोचलेलं नाही. ही दोन वेगळी चित्रं असतात. आपण फोटो म्हणून काहीही पाठवलं की मेसेजिंग अ‍ॅप त्याचं दोन प्रकारे काहीतरी करतं. पहिलं, चित्र मोठं असेल तर ते लहान करतं. दुसरं, ते नव्याने JPEG मध्ये बांधतं. स्क्रीनशॉट अनेक फोनवर PNG असतो, म्हणजे एकही ठिपका न गमावता साठवलेला. JPEG मुळात फोटोंसाठी आहे. आभाळ, चेहरा, साडीचा पदर यात थोडी माहिती गाळली तरी डोळ्याला कळत नाही. काळ्या अक्षराची पांढऱ्यावरची कड मात्र लगेच कळते.

आता लहान करण्याचा हिशोब बघू, कारण माझं खरं नुकसान तिथे झालं. काकूंच्या फोनवर पोचलेल्या चित्राचे तपशील गॅलरीत उघडले, तर लांब बाजू १६०० पिक्सेल होती. मी पाठवलेलं होतं १०८० रुंद आणि ६००० उंच. लांब बाजू ६००० वरून १६०० वर आली, म्हणजे सगळं चित्र जवळजवळ पावपट झालं. रुंदी उरली २८८. माझ्या लिस्टमध्ये अक्षराचं अंग, म्हणजे शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची, २६ पिक्सेल होती. ती झाली ७. सात ठिपक्यांच्या उंचीत ९ ची गाठ, तोंड आणि शेपूट मावणार कुठे? मग काकूंनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं तरी काय उपयोग? मोठं केल्याने गेलेले ठिपके परत येत नाहीत, धूसरपणा तेवढा मोठा होतो.

तोच मजकूर एका स्क्रीनच्या साध्या स्क्रीनशॉटमध्ये, १०८० बाय २४०० मध्ये पाठवला असता, तर चित्र दोन तृतीयांश झालं असतं आणि अक्षर १७ पिक्सेलचं राहिलं असतं. आणि त्याच लांब लिस्टचे १५०० उंचीचे चार तुकडे केले असते, तर लांब बाजू १६०० च्या आतच राहिली असती. म्हणजे लहान होण्याचं कारणच उरलं नसतं, २६ चं अक्षर २६ चंच पोचलं असतं. माझ्या फोनवरचं हे १६०० तुमच्याकडे असेलच असं नाही. अ‍ॅप कोणतं, आवृत्ती कोणती, सेटिंग काय यावर ते बदलतं. म्हणून माझा आकडा पाठ करू नका. एक चित्र दुसऱ्या फोनवर पाठवा, तिथे सेव्ह करा, तपशील उघडा आणि तुमचा आकडा काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

अक्षराची उंची मोजायची तर पोचलेलं चित्र कॉम्प्युटरवर Paint मध्ये उघडा आणि एका 'क' भोवती शिरोरेषेपासून तळापर्यंत चौकट ओढा. चौकटीचं माप खाली पट्टीत दिसतं. माझ्या दुकानापुरतं मी ठरवून टाकलंय की पोचलेल्या चित्रात हे अंग २० च्या खाली गेलं तर पाठवायचं नाही. हा काही शास्त्रीय नियम नव्हे. माझी गिऱ्हाइकं, त्यांची वयं, त्यांचे फोन बघून बसवलेलं माप आहे.

इंग्रजी लिस्ट याहून बारीक असूनही चालते, मग मराठीचंच का अडतं? कारण आपल्या अक्षराला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार. तेवढ्याच ओळीत हे सगळं बसवायचं म्हणून मधलं अंग लहान होतं. त्यात चित्र धूसर झालं की शिरोरेषा पसरून जाड पट्टा होते आणि वरची टिंबं त्या पट्ट्यात विरघळतात.

त्यातही काही अक्षरं ठरलेली फसवी आहेत. 'भ' आणि 'ध' यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ती फट भरली की 'भ' चा 'म' होतो आणि 'ध' चा 'घ'. 'ब' आणि 'ष' यांच्या पोटातली तिरकी रेघ गेली की उरतात 'व' आणि 'प'. शब्दात हे आपलं डोकं दुरुस्त करून घेतं. 'वेसन लाडू' दिसलं तरी कोणी गोंधळत नाही, सगळे बेसनच वाचतात. आकड्याला मात्र असा आजूबाजूचा आधार नसतो. ४१० हीसुद्धा चकलीची चालण्यासारखी किंमत आहे, म्हणून काकूंना शंकासुद्धा आली नाही. १ आणि ९ यांची जोडी सगळ्यात वाईट, त्यानंतर ५ आणि ६.

म्हणूनच ज्याला दर पाठ आहेत त्याने लिस्ट तपासून काही होत नाही. तुम्ही तुमचे दर वाचत नाही, आठवता. माझी पद्धत आता अशी आहे. लिस्टच्या खाली एक चाचणीची ओळ टाकते: १९१, ९१९, ५६६, ६५५, भम, धघ, बव, षप, रर रंरं. हे चित्र दुकानात मदतीला येणाऱ्या मावशींच्या फोनवर पाठवते. त्यांचा फोन साधा आहे आणि चष्मा बहुतेक वेळा घरी असतो, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकासारखंच. दुकानाच्या दारात, उजेडात उभं राहून, चित्र मोठं न करता, मावशींनी मोठ्याने वाचायचं. मी मूळ कागद हातात धरून टिक करते. मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही. अडखळल्या की ती ओळ नापास, मग पुढे बरोबर वाचली तरी. सगळं पास झालं की चाचणीची ओळ कापून टाकायची. फक्त उंची कापली जाते, म्हणून बाकीच्या अक्षरांना धक्का लागत नाही.

रंगाचं थोडक्यात सांगते. JPEG उजेड-अंधाराचा फरक बऱ्यापैकी जपतं, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी करून ठेवतं. त्यामुळे हिरव्यावर लाल अक्षर असेल, तर दोन्हीचा उजेड साधारण सारखाच आणि रंग आधीच पसरलेला, म्हणजे अक्षराला कड राहत नाही. पांढऱ्यावर काळं हे साधं वाटतं, पण टिकतं. अक्षरांभोवती मुंग्या फिरल्यासारखे करडे ठिपके दिसायला लागले, की समजायचं चित्र जास्त दाबलं गेलंय.

दाबणं एकदाच होतं असंही नाही. नुसतं फॉरवर्ड केलं तर सहसा आहे तीच फाइल पुढे जाते. पण कोणी चित्रावर गोल काढून "हे हवंय" लिहिलं, किंवा स्क्रीनशॉटचाच स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवला, की पुन्हा नवीन बांधणी. म्हणून मी मावशींना त्यांच्या फोनवर त्या चित्राचा स्क्रीनशॉट काढून मला परत पाठवायला सांगते आणि ती दुसऱ्या फेरीची प्रतही एकदा वाचून घेते.

"मॅडम, HD का नाही पाठवत?" हा प्रश्न येणारच. पाठवते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Settings`, मग `Storage and data`, मग `Media upload quality` इथे ते कायमचं लावता येतं. पण HD मध्येही चित्र नव्याने बांधलं जातंच, फक्त कमी लहान होतं. आणि पुढे कोणी साध्या दर्जात पाठवलं तर तुमच्या हातात काही नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते, हे खरं. पण आमच्या अर्ध्या गिऱ्हाइकांना ती उघडायचीच नसते. चित्र समोर दिसलं तर बघतात, फाइल दिसली तर "नंतर बघू".

यंदा मी लिस्टचे चार तुकडे केले: तिखट, गोड, पीठ-मसाले आणि ऑर्डरची माहिती. दराचा आकडा नावापेक्षा मोठा आणि ठळक केला. चकली आणि अनारसे यांच्यापुढे दर अक्षरीही लिहिला, "चारशे नव्वद". शिवाय प्रत्येक चित्राखाली तेच दर मजकूर म्हणून टाइप केले, कारण मजकुराला कोणी दाबत नाही, आणि ज्यांनी फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलीत त्यांना ते मोठेच दिसतात.

मावशींच्या पहिल्या वाचनात तीन चित्रं पास झाली. चौथ्यात त्या अडल्या. "ऑर्डर... किती तारखेपर्यंत गं?" पिवळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात मी १५ लिहिलं होतं. मला ते फार छान दिसत होतं. पट्टा काढला, काळ्यात लिहिलं, पुन्हा पाठवलं. "पंधरा," मावशी म्हणाल्या, आणि चिवड्याचं पातेलं उतरवायला आत गेल्या.