ऑक्टोबरचं ऑक्टोबरला

भोसरी एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. हिशेब सांभाळणारी माणसं तीन: अकाउंटंट, त्यांचा सहायक आणि मालाची आवक-जावक लिहिणारा स्टोअरकीपर. ३१ ऑक्टोबरला गोदामातला माल मोजून झाला. हाती आलेली सगळी बिलं संगणकात चढली आणि नफा-तोटा पत्रकात महिन्याचा नफा दिसला ९ लाख २० हजार रुपये. बेरजेत एका पैशाची चूक नव्हती, पण आकडा खोटा होता. ऑक्टोबरचा खरा नफा होता २ लाख ४३ हजार ४८० रुपये.

पावणेसात लाखांची ही तफावत कुणी पैसे खाल्ल्यामुळे आलेली नाही. माल एका दिवशी येतो, त्याचं बिल दुसऱ्या दिवशी येतं आणि पैसे तिसऱ्याच दिवशी जातात. वह्या कागदामागे चालतात, धंदा मात्र मालामागे चालतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपन्यांना हिशेब ठेवावा लागतो तो उत्पन्न कधी कमावलं आणि खर्च कधी लागू झाला, यावर. पैसे कधी आले-गेले, हा वेगळा प्रश्न. म्हणून महिनाअखेरीला प्रत्येक मोठ्या नोंदीला विचारायचं ते एवढंच, की ही नोंद नक्की कोणत्या महिन्याची? मंथ-एंड क्लोजिंगच्या यादीतली कट-ऑफ, प्रोव्हिजन आणि प्रीपेड ही तीन कामं याच प्रश्नाची तीन उत्तरं आहेत.

त्यातलं पहिलं काम कट-ऑफचं, आणि ते ३१ तारखेच्या संध्याकाळीच करावं लागतं. माल मोजून झाला की स्टोअरकीपरने एका कागदावर चार गोष्टी लिहून सही करायची: शेवटच्या विक्री बिलाचा क्रमांक, शेवटच्या डिलिव्हरी चलनाचा क्रमांक, शेवटच्या जीआरएनचा म्हणजे माल आल्याच्या पावतीचा क्रमांक, आणि गेट रजिस्टरमधली शेवटची ओळ. पुढच्या दोन दिवसांत अकाउंटंट या क्रमांकांच्या अलीकडचे पाच आणि पलीकडचे पाच कागद काढून बिलाची तारीख आणि गेटची तारीख शेजारी ठेवून पाहतात.

या कारखान्यात तसं पाहताना दोन कागद सापडले. कोल्हापूरच्या ग्राहकाच्या नावे ३१ ऑक्टोबरला ३ लाख ६० हजारांचं बिल फाडलेलं होतं, पण गेट रजिस्टरप्रमाणे ट्रक बाहेर पडला २ नोव्हेंबरच्या सकाळी. ई-वे बिलातला गाडीचा तपशीलही २ तारखेलाच भरलेला होता. कराराप्रमाणे माल कारखान्याच्या फाटकातून निघाला की ग्राहकाचा होतो, तेव्हा ही विक्री नोव्हेंबरची. करारात ‘पोच’ अशी अट असती, तर ट्रक कोल्हापूरला पोचल्याची तारीख धरावी लागली असती. म्हणून कट-ऑफ तपासणाऱ्याने ग्राहकाची ऑर्डर वाचलेली असायला हवी.

इथली चूक दिसते त्याहून मोठी आहे. तोच माल ३१ तारखेला गोदामात होता, म्हणून मोजणीत शिल्लक म्हणून धरला गेला आणि बिलामुळे विक्रीतही धरला गेला. एकच वस्तू दोन ठिकाणी मोजली गेल्यामुळे नफा फक्त मार्जिनपुरता फुगला नाही, पूर्ण ३ लाख ६० हजारांनी फुगला. ही विक्री ऑक्टोबरमधून काढायची, पण बिल रद्द करायचं नाही. मालावरच्या जीएसटीला साधारणपणे बिलाची तारीख लागू होते, त्यामुळे कर ऑक्टोबरच्या विवरणपत्रातच जातो. पुस्तकातली विक्री आणि जीएसटीतली विक्री यांत फरक पडतो, तो कारणासह लिहून ठेवावा लागतो. वर्षाच्या शेवटी ताळमेळ घालताना हीच नोंद शोधत बसायची वेळ अनेक कार्यालयांवर येते.

दुसरा कागद खरेदीचा होता. ३० ऑक्टोबरला लोखंडी सळ्या आल्या, वजनकाट्याची पावती झाली, जीआरएन झाला. पुरवठादाराचं १ लाख ८० हजारांचं बिल मात्र ४ नोव्हेंबरला आलं. सळ्या शिलकीत मोजल्या गेल्या आणि खरेदीत आल्याच नाहीत, म्हणजे पुस्तकांच्या दृष्टीने त्या फुकट मिळाल्या. इथे खरेदी नावे टाकून ‘माल आला, बिल बाकी’ अशा खात्यावर रक्कम जमा करायची, तीही जीएसटी सोडून, कारण बिल हाती आल्याशिवाय इनपुट क्रेडिट घेता येत नाही. बिल आलं की हे खातं त्या रकमेपुरतं मिटतं. दोन महिने झाले तरी एखादी रक्कम तिथेच पडून असेल, तर बिल हरवलेलं आहे किंवा दुसऱ्याच खात्यावर चढलेलं आहे.

हे कागद वेळेत सापडणं बँकेसाठीही गरजेचं असतं. कॅश क्रेडिट घेतलेले बहुतेक छोटे कारखाने दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतात आणि त्यावरून किती रक्कम उचलता येईल हे ठरतं. कोल्हापूरचा माल शिलकीत आणि येण्यातही धरला, सळ्यांचं देणं दाखवलंच नाही, तर बँकेला दिलेलं पत्रक चुकीचं ठरतं. हेतू कितीही साफ असला तरी ते चुकीचंच.

मग येतं प्रोव्हिजन, म्हणजे खर्च होऊन गेला पण बिल आलेलं नाही अशा रकमांची तरतूद. महावितरणच्या बिलाचा कालावधी कॅलेंडरच्या महिन्याशी जुळेलच असं नाही. या कारखान्याचं मीटर १८ तारखेला वाचलं जातं. तेव्हा ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहायकाने मीटरचा आकडा स्वतः लिहून घ्यायचा. १८ नंतरच्या १३ दिवसांत ५,२०० युनिट जळाले आणि मागच्या बिलाची रक्कम भागिले युनिट केल्यावर युनिटमागे १० रुपये येतात, तर तरतूद ५२ हजारांची. मोघम ‘पन्नास हजार धरा’ असं म्हणण्यापेक्षा मीटरचा आकडा केव्हाही भला. त्यावर नंतर वाद होत नाही.

कंत्राटी कामगारांचं ऑक्टोबरचं बिल ठेकेदार ७ नोव्हेंबरच्या सुमारास देतो, पण किती हजेऱ्या भरल्या हे मस्टरवरून ३१ लाच कळतं. हजेऱ्या गुणिले ठरलेला दर केला की १ लाख ४५ हजार येतात. इथे एक अडचण आहे. ठेकेदाराच्या नावावर रक्कम जमा होताच टीडीएसचा प्रश्न उभा राहतो आणि खात्याला ‘सस्पेन्स’ नाव दिल्याने तो टळत नाही. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. महिन्याच्या तरतुदींवर टीडीएस कसा हाताळायचा, हे आपल्या सीएशी बोलून एकदाच लेखी ठरवून घ्यावं.

तिसरी तरतूद बोनसची, आणि सर्वांत जास्त विसरली जाते तीच. कायद्याला धरून किमान बोनस पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे वर्षातला साधारण एक महिना. तो दिवाळीच्या आधी हातात पडतो म्हणून ऑक्टोबरचा खर्च समजला जातो. पण कामगार तो बाराही महिने कमावत असतात आणि दिवाळीत मिळतो तो सहसा आधीच्या आर्थिक वर्षाचा असतो. चालू वर्षाचा अंदाज ४ लाख ८० हजार असेल, तर दर महिन्याला ४० हजार बाजूला दाखवायला हवेत. तसं न करणाऱ्या कारखान्याला अकरा महिने नफा बरा दिसतो आणि दिवाळीच्या महिन्यात अचानक तोटा. त्या तोट्यावरून मालकाने भाव वाढवले किंवा माणसं कमी केली, तर चुकीच्या आकड्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते.

या तीन तरतुदींनी २ लाख ३७ हजारांचा खर्च वाढला. आता उलटं काम प्रीपेडचं: पैसे गेले, पण सेवा पुढच्या महिन्यांतही मिळायची आहे. कारखान्याने आगीच्या विम्याचा १ लाख ९ हजार ५०० रुपयांचा हप्ता ऑक्टोबरमध्ये भरला आणि सगळाच खर्चात टाकला. पॉलिसी मात्र १५ ऑक्टोबर ते पुढच्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरपर्यंतची. दिवसाला ३०० रुपये पडतात. ऑक्टोबरचे दिवस १७, म्हणून खर्च ५,१०० रुपये, आणि उरलेले १ लाख ४ हजार ४०० ‘प्रीपेड विमा’ म्हणून ताळेबंदात. १ ते १४ ऑक्टोबर मात्र जुनी पॉलिसी चालू होती. तिचे दिवसाला २८० प्रमाणे ३,९२० रुपये जुन्या प्रीपेड शिलकीतून खर्चात आणायचे राहिले होते. नवी पॉलिसी आली की जुनीला सगळे विसरतात, आणि संपलेल्या पॉलिसीची शिल्लक वर्षानुवर्षं ताळेबंदात राहते. उपाय म्हणजे एक साधा तक्ता: प्रत्येक पॉलिसी, मशीनचा देखभाल करार किंवा सॉफ्टवेअरची वर्गणी एका ओळीत, सुरुवात, शेवट, एकूण रक्कम आणि उरलेली रक्कम. तक्त्याची बेरीज खात्याच्या शिलकीशी जुळली पाहिजे. पाच हजारांखालच्या रकमा विभागायच्या नाहीत असं ठरवून टाकलं तरी चालतं. छोट्या चमूचा वेळही मोलाचा आहे.

आता सगळं एकत्र मांडू. ९ लाख २० हजारांतून विक्रीचे ३ लाख ६० हजार, सळ्यांचे १ लाख ८० हजार आणि तरतुदींचे २ लाख ३७ हजार गेले, विम्याचे निव्वळ १ लाख ४८० परत आले. उरले २ लाख ४३ हजार ४८०.

काम इथे संपत नाही. १ नोव्हेंबरला वीज आणि ठेकेदाराच्या तरतुदी उलटवाव्या लागतात, नाहीतर खरं बिल चढल्यावर खर्च दोनदा लागतो. बोनसची तरतूद मात्र उलटवायची नसते, ती वर्षभर साठत जाते. उलट नोंद राहून गेली की नाही, हे ओळखायला प्रत्येक खर्चाचे बारा महिने शेजारी-शेजारी छापून पाहावेत. विजेच्या ओळीत एका महिन्यात दुप्पट किंवा शून्य दिसलं, की चूक तिथेच आहे. अंदाज ५२ हजारांचा होता आणि बिलावरून खर्च ५४ हजार ६०० निघाला, तर फरकाचे २,६०० रुपये नोव्हेंबरमध्ये जातात. तेवढ्यासाठी बंद केलेला ऑक्टोबर उघडायचा नाही. कंपन्यांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं बंधनकारक आहे.

हा फरक मोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. ब्रिटनच्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर केलं, की सहामाही नफ्याचा अंदाज सुमारे २५ कोटी पौंडांनी जास्त सांगितला गेला होता. मुख्य कारणं दोन दिली: पुरवठादारांकडून येणारं उत्पन्न वेळेआधी धरलं आणि खर्चाची तरतूद उशिरा केली. २०१७ मध्ये त्या प्रकरणात १२.९ कोटी पौंडांचा दंड ठरला.

तीन माणसांच्या चमूला हे सगळं पाच कामाच्या दिवसांत जमतं: पहिले दोन दिवस कट-ऑफ, तिसऱ्या दिवशी तरतुदी, चौथ्या दिवशी प्रीपेडचा तक्ता, पाचव्या दिवशी तपासणी. नोंद लिहिणाऱ्याने ती स्वतः तपासू नये. तिसरं कुणी नसेल तर मालकाने बसावं. ज्यांच्याकडे अजून अशी यादी नाही, त्यांनी येत्या महिनाअखेरीला निदान शेवटच्या बिलाचा, चलनाचा आणि जीआरएनचा क्रमांक, गेट रजिस्टरची ओळ आणि मीटरचा आकडा लिहून ठेवावा. बाकीचं नंतरही करता येतं, पण त्या संध्याकाळचा मीटरचा आकडा पुन्हा वाचता येत नाही.