कांदाचाळीचा खर्च भरून न येण्याचा संभव कसा काढावा

उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत एकदम बाजारात येतो व भाव उतरतात. तोच कांदा चाळीत राखून सप्टेंबर-ऑक्टोबरात विकल्यास बहुधा चढा भाव मिळतो. चाळ बांधण्याचा सारा हिशेब या फरकावर उभा असतो. परंतु हा फरक दरसाल सारखा नसतो. म्हणून सरासरी फायदा पाहून चाळ परवडेल असे ठरविणे अपुरे होय. ती न परवडण्याचा संभव किती, हेही अंकगणिताने काढता येते. त्याची रीत पुढील उदाहरणाने समजून घ्यावी. उदाहरणातील आकडे केवळ नमुन्यादाखल घेतले आहेत.

एका बागायतदाराने २५ टनांची चाळ बांधावयाचे योजिले. खर्च २,५०,००० रुपये, चाळीचे आयुष्य १० वर्षे. काढणीच्या वेळी २५० क्विंटल कांदा १,२०० रुपयांनी विकला असता ३,००,००० रुपये हाती आले असते. चाळीत ठेवल्यावर वजनातील घट, सड व कोंब जाऊन १९० क्विंटल उरतो. निवड, हमाली व अडकून पडलेल्या पैशाचे व्याज मिळून ३०,००० रुपये खर्च येतो. पुढे भाव २,००० झाला तर ५०,००० रुपये अधिक पदरात पडतात. २,४०० झाला तर १,२६,००० पडतात. आणि १,६०० च मिळाला तर, काढणीच्या भावापेक्षा तो चढा असूनही, २६,००० ची खोट येते. दहा वर्षांपैकी तीन चांगली, चार मध्यम व तीन वाईट धरली तर वार्षिक फायद्याची सरासरी ५०,००० रुपये होते.

पुढील वर्षांत येणारा रुपया आजच्या रुपयाएवढा मोलाचा नसतो. व्याजाचा दर शेकडा १० धरल्यास एका वर्षाने येणाऱ्या रुपयाचे आजचे मोल सुमारे ९१ पैसे होते. अशा दहा वर्षांच्या मोलांची बेरीज ६.१४५ भरते. तिने ५०,००० ला गुणले म्हणजे सुमारे ३,०७,००० रुपये येतात. त्यातून चाळीचा खर्च वजा जाता ५७,००० रुपये उरतात. हे अपेक्षित निव्वळ वर्तमान मूल्य होय. ते उणे आले तर पैसा बुडाला असे नव्हे. तोच पैसा शेकडा १० ने अन्यत्र गुंतवून जे मिळाले असते, तेवढेही चाळीने दिले नाही, असा त्याचा अर्थ. धोका वाटतो म्हणून येथे व्याजाचा दर वाढवून धरू नये. धोक्याचा हिशेब पुढे वेगळा करावयाचा असल्याने तो दोनदा धरला जाईल.

आता चढउताराचे माप घ्यावयाचे. चांगले वर्ष सरासरीहून ७६,००० ने वर, तर वाईट तितकेच खाली. या फरकांचे वर्ग करून प्रत्येकास त्याच्या संभवाने गुणावे, बेरीज करावी व तिचे वर्गमूळ काढावे. ते ५८,८७० रुपये येते. यास प्रमाण विचलन म्हणतात. हे एका वर्षाचे झाले. दहा वर्षांचे काढताना त्यास ६.१४५ ने गुणण्याचा मोह होतो. पण भाव एका वर्षी पडला म्हणून पुढच्या वर्षीही पडतोच असे नाही. बरी-वाईट वर्षे एकमेकांस सावरून धरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविले, तेव्हा चाळीत साठविलेल्या कांद्याच्या भावावर दाब आला. तो प्रसंग त्या हंगामाचा होता. म्हणून अशा परस्परांशी संबंध नसलेल्या वर्षांसाठी प्रत्येक वर्षाच्या मोलाचा वर्ग करून बेरीज घ्यावी. ती ४.०५४ येते, तिचे वर्गमूळ २.०१३. त्याने ५८,८७० ला गुणले असता सुमारे १,१८,५०० रुपये होतात.

अपेक्षित मूल्य ५७,००० यास १,१८,५०० ने भागावे. भागाकार ०.४८ येतो. शून्याची रेघ सरासरीच्या खाली ०.४८ प्रमाण विचलनाइतकी दूर आहे, असा याचा अर्थ. संख्याशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात प्रसामान्य वक्राचे कोष्टक असते. त्यात ०.४८ समोर पाहिले असता रेघेच्या पलीकडे पडणारा भाग शेकडा ३२ निघतो. शंभरांत बत्तीस वेळा ही चाळ परवडणार नाही.

परंतु हा हिशेब येथे थांबविला तर फसगत होते. सर्व चढउतार भावाचाच धरला गेला. सडीचा धरलाच नाही. चाळीची जागा सखल असली, तळातून हवा खेळत नसली, ढीग पाच फुटांहून उंच रचला गेला, तर दर वर्षी अधिक कांदा सडतो. उरणारा माल १९० क्विंटलच्या आसपास १० क्विंटलने कमीअधिक होईल असे धरू. म्हणजे वर्षाला २०,००० रुपयांचे विचलन. भावाच्या ५८,८७० पुढे हे नगण्य वाटते. पण भावाप्रमाणे हे एका वर्षी उणे व दुसऱ्या वर्षी अधिक होत नाही. चाळच सदोष असेल तर दहाही वर्षे उणे. म्हणून यास २.०१३ ने नव्हे, ६.१४५ ने गुणावे लागते. त्याचे १,२२,९०० रुपये होतात, म्हणजे भावाच्या सर्व चढउतारापेक्षा अधिक! दोहोंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले असता एकूण विचलन १,७०,७०० येते. भागाकार ०.३३ वर उतरतो आणि चाळ न परवडण्याचा संभव शेकडा ३७ होतो.

अमेरिकेत फ्रेडरिक हिलिअर यांनी १९६३ साली ही रीत मांडली, तेव्हा परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या रकमा आणि एकत्र वरखाली होणाऱ्या रकमा अशी फोड त्यांनी केली होती. शेतीत ही फोड विशेष उपयोगी पडते. पाऊस व भाव बहुतांशी पहिल्या प्रकारात येतात, तर जमिनीचा कस, विहिरीचे पाणी व बांधकामाची प्रत दुसऱ्या प्रकारात. भावाबद्दल असेही दिसते की एका साली भाव चढला की पुढच्या साली लागवड वाढते व भाव उतरतो. असा उलटा संबंध असेल तर भावाचे विचलन वरच्या आकड्याहूनही कमी भरेल. हे पाहावयाचे असेल तर जवळच्या बाजार समितीकडील दहा वर्षांचे मे व ऑक्टोबरचे भाव शेजारी शेजारी लिहून काढावेत. तीन चांगली, तीन वाईट हा अंदाजही त्यावरूनच बांधावा. ऐकीव गोष्टींवरून बांधू नये.

हातात असलेला उपाय मात्र सडीच्या बाजूस आहे. आपल्यासारखीच माती व तशीच चाळ असलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांकडे किती कांदा भरला व किती निघाला, याची वजने विचारावीत. यावरून सडीची अनिश्चितता १० ऐवजी ५ क्विंटलवर आली तर एकूण विचलन १,३३,५०० होते व संभव शेकडा ३७ वरून सुमारे ३३ वर येतो. चाळीस ५०,००० रुपये अनुदान मिळाले तर विचलन तेच राहते, पण अपेक्षित मूल्य १,०७,००० होते. मूळच्या १,७०,७०० विचलनावरही संभव शेकडा २७ च्या घरात उतरतो.

एक मर्यादा ध्यानी असावी. दहा स्वतंत्र वर्षांच्या बेरजेस प्रसामान्य वक्र चांगला लागू पडतो; सडीसारख्या कायम दोषास तो तितकासा पडत नाही, कारण तेथे वर्षे एकमेकांस सावरीत नाहीत. शिवाय हा आकडा तोटा होण्याचा संभव सांगतो, तोटा किती होईल ते सांगत नाही. वरील उदाहरणात सदोष चाळीतून दर वर्षी १७० क्विंटलच निघाला आणि भाव २,००० राहिला, तर वार्षिक फायदा १०,००० वर येतो आणि निव्वळ वर्तमान मूल्य १,८८,००० रुपयांहून अधिक उणे होते. त्यामुळे कर्ज काढून चाळ बांधणाऱ्याने शेकडा संभवाबरोबर ही रक्कमही वेगळी मांडून पाहावी.