कॅरोसेल, रील की एकच चित्र? सर्पदंशाच्या माहितीचं उदाहरण

मंडळी, मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न राहून गेला होता. विषय हाती आल्यावर त्याचं रील करायचं, कॅरोसेल करायचं की एकच चित्र टाकायचं, हे ठरवायचं कसं? आज आपण एकच विषय घेऊन ते पाहू. पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या सर्पमित्र गटांना सर्पदंशाविषयी इन्स्टाग्रामवर माहिती द्यायची असते. इथे प्रकार चुकला तर नुसते लाइक कमी पडत नाहीत, एखाद्याचा जीवही जाऊ शकतो.

पहिली गोष्ट अशी की 'सर्पदंश' हा एक विषय नाहीच. त्यात निदान तीन वेगळे विषय दडलेले आहेत आणि तिघांना एकाच पोस्टमध्ये कोंबलं की तिघांचंही नुकसान होतं. ते सुटे करायला आम्ही एक साधा प्रश्न विचारतो: ही माहिती माणूस कधी आणि कशी वापरणार?

साप चावल्यानंतरचा क्षण घ्या. घरात रडारड चालू आहे, कुणीतरी फोन उघडतंय. तेव्हा लागतात तीन-चार ओळी: जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, हात-पाय न हलवता थेट रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा. हे एका चित्रात मावतं, म्हणून ते एकच चित्र. शिवाय हे चित्र इन्स्टाग्रामवर थोडंच राहणार आहे? ते व्हॉट्सअॅपवर गावाच्या ग्रुपमध्ये फिरणार. तिथे चित्राखालचं कॅप्शन सोबत जाईलच असं नाही, म्हणून गरजेचं सगळं चित्रावरच हवं. उलट, कॅप्शनमध्ये चार परिच्छेद लिहिल्याशिवाय चित्र समजतच नसेल, तर तो विषय एका चित्राचा नव्हता असं खुशाल समजा.

आता दुसरा विषय, चावलेला पाय स्थिर कसा करायचा. मोडलेल्या हाडाला देतात तसा फळीचा आधार द्यायचा, कापडी पट्टी गुंडाळायची, पण रक्त थांबेल इतकी आवळायची नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण आधी काढायचे, कारण सूज आली की ते रुततात. 'पट्टीखालून बोट सहज गेलं पाहिजे' हे वाचून कळतं खरं, पण हाताला कळत नाही. ते बघावं लागतं. जिथे हालचाल हीच माहिती असते, तिथे रील. फक्त पट्टीचं दृश्य पहिल्या दोन-तीन सेकंदांतच येऊ द्या, 'नमस्कार, आज आपण' यात ते घालवू नका. आणि बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा बोललेलं पडद्यावर लिहूनही यायला हवं. ते अगदी तळाला नको, कारण तिथे खात्याचं नाव आणि कॅप्शन असतं.

तिसरा विषय साप ओळखण्याचा, आणि खरी गंमत इथे आहे. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत लोक हटकून गोंधळतात. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे नेमके उलट, मानेकडे ठळक आणि मागे फिके. हे समजायला माणसाला थांबावं लागतं, मागे जावं लागतं, पुन्हा पुढे यावं लागतं. रीलमध्ये साप सळसळत निघून जातो, पट्टे मोजायला वेळच मिळत नाही. म्हणून कॅरोसेल. एका पानावर दोघे शेजारी शेजारी, पुढच्यावर नुसती मान, त्यापुढे नुसती शेपटी. आता इन्स्टाग्राम वीस पानं देतं, पण दिली म्हणून भरायची नसतात. इथे पाच-सहा पुरेत.

पण कॅरोसेलचा एक धोका आहे आणि या विषयात तो फार मोठा आहे. लोक त्यातलं एकच पान स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतात. समजा तुम्ही 'गैरसमज आणि तथ्य' असा कॅरोसेल केला. एका पानावर मोठ्या अक्षरात 'साप चावल्यावर घट्ट दोरी बांधा' आणि पुढच्या पानावर 'हे चूक आहे'. पहिलं पान एकटंच फिरलं तर तुमच्याच गटाच्या नावाने चुकीचा सल्ला गावभर गेला! म्हणून चूक आणि दुरुस्ती एकाच पानावर ठेवा, किंवा थेट 'दोरी बांधू नका' असंच लिहा. ओळखीच्या प्रत्येक पानावरही 'ओळखण्यासाठी साप पकडू नका, आधी रुग्णालय' ही ओळ हवीच.

निवड जमली की नाही हे आकडे थोडंफार सांगतात, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा. चित्र किती जणांनी पुढे पाठवलं ते बघा, कॅरोसेल किती जणांनी सेव्ह केला ते बघा. रीलमध्ये लोक कुठल्या सेकंदाला निघून जातात ते बघा. पट्टी बांधायला सुरुवात होण्याआधीच गेले असतील, तर विषय रीलचाच आहे, सुरुवात तेवढी लांबली आहे. रीलचे व्ह्यूज कॅरोसेलपेक्षा जास्त दिसले म्हणून मण्यार-कवड्याचं रील करायला मात्र जाऊ नका. रील अनोळखी लोकांपर्यंत सहज पोचतं हे खरं, पण त्यांतल्या किती जणांना शेवटी पट्टे कुठून सुरू होतात ते सांगता येईल?