वेबसाइटचा करार मध्येच थांबवताना

वेबसाइट बनवणाऱ्याचे काम अर्ध्यावर थांबवायचे ठरले की डोमेन, होस्टिंग आणि सोर्स कोड या तीन गोष्टींचा ताबा स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. डोमेन कोणाचे, हे रजिस्ट्रारकडच्या नोंदीवरून ठरते. होस्टिंग ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्या हातात असते. कोडचा प्रश्न मात्र कॉपीराइट कायद्याचा आहे, आणि बहुतेक वाद इथेच चिघळतात, कारण ‘पैसे दिले म्हणजे कोड आपला’ असे दुकानदार गृहीत धरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, लालबागमधल्या एका मसाल्याच्या दुकानाने परळच्या एका स्वतंत्र डेव्हलपरला ऑनलाइन विक्रीची साइट १,२०,००० रुपयांत बनवायला दिली. ४८,००० रुपये आगाऊ दिले. मांडणी आणि मालाची पाने तयार झाली, पण पैसे भरण्याची सोय जोडायची राहिली आणि काम महिनोन्‌महिने रेंगाळले. करार म्हणजे दोन पानी कोटेशन, त्यात मालकीबद्दल अक्षरही नाही. डोमेन डेव्हलपरने स्वतःच्या खात्यातून घेतले आहे, होस्टिंगही त्याचेच. लहान व्यापाऱ्यांच्या बाबतीत ही मांडणी फार नेहमीची आहे.

कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते आणि कलम १७ प्रमाणे पहिला हक्क लेखकाचा असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा होतो, पण स्वतंत्र डेव्हलपर नोकर नसतो. म्हणून या उदाहरणात ४८,००० रुपये देऊनही कोडचा कॉपीराइट डेव्हलपरकडेच राहिला आहे. दुकानाला साइट वापरण्याची परवानगी गृहीत आहे असा युक्तिवाद करता येईल. तरीही पुढच्या डेव्हलपरने त्यात बदल करणे सुरक्षित व्हायचे, तर हक्क लेखी हस्तांतरित झालेला हवा. कलम १९ नुसार असे हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय वेगळे काही ठरलेले नसेल, तर वर्षभरात न वापरलेले हक्क परत जातात. ‘सर्व हक्क दिले’ एवढ्या एका ओळीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, हक्क वापरले नाहीत तरी ते परत जाणार नाहीत’ हे शब्द कागदावर यायलाच हवेत.

साइट वर्डप्रेसवर असेल तर वर्डप्रेसचा मूळ कोड जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला आहे, त्याची मालकी डेव्हलपर देऊ शकत नाही. प्रश्न त्याने स्वतः लिहिलेल्या भागाचा आणि विकत घेतलेल्या प्लगइनचा असतो. प्लगइनचे परवाने बहुधा डेव्हलपरच्या खात्यावर असतात आणि तो बाजूला झाला की त्यांचे अपडेट बंद पडतात. या परवान्यांची यादी आधीच मागावी.

ताबा घेताना सुरुवात डोमेनपासून करावी. कोड पुन्हा लिहिता येतो, पण बिलांवर, पिशव्यांवर छापलेले नाव गेले तर ते परत मिळवणे अवघड. डोमेन नावाला निव्वळ पत्त्याहून अधिक मोल आहे आणि त्याला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफ विरुद्ध सायबरबूथ या प्रकरणात मान्य केले, प्रतिवादीने rediff.com शी मिळतेजुळते radiff.com हे नाव घेतले होते. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात तीच दिशा पक्की केली.

आधी परिस्थिती पाहून घ्यावी:

```
whois example.com
dig +short NS example.com
dig +short MX example.com
```

पहिल्या आज्ञेने रजिस्ट्रार आणि संपण्याची तारीख दिसते. मालकाचे नाव अनेकदा झाकलेले असते, म्हणून रजिस्ट्रारचे बिल आणि खात्याचा ईमेल हाच खरा पुरावा ठरतो. दुसरी आज्ञा नेमसर्व्हर दाखवते, आणि तिसरी दुकानाची ईमेल कोणत्या सर्व्हरवर येते ते दाखवते. नेमसर्व्हर बदलताना ही नोंद नव्या ठिकाणी उतरवली नाही तर साइट चालू राहते, पण ऑर्डरच्या ईमेल येणे थांबते, आणि कित्येक दिवस कोणाच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून हात लावण्याआधी सर्व डीएनएस नोंदी उतरवून ठेवाव्यात.

डोमेन हलवण्याचे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे तर लॉक काढून ऑथ कोड घ्यावा लागतो, आणि .com सारख्या नावांना नोंदणीनंतर किंवा आधीच्या बदलीनंतर साठ दिवस हे सहसा करता येत नाही. दुकानाने त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचे खाते उघडून डेव्हलपरला डोमेन त्या खात्यात ढकलायला सांगणे हा दुसरा मार्ग. तो बहुधा लवकर पार पडतो आणि तुटलेल्या व्यवहारात तोच बरा. मग खात्यातले नाव, ईमेल व मोबाइल दुकानाचा आहे का, आणि नूतनीकरणाचे पैसे कोणाच्या कार्डावरून जातात, हे पाहावे.

होस्टिंगमध्ये फाइलींचा आणि डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो नव्या खात्यावर उभा करावा. डेव्हलपरच्या लॅपटॉपची मदत न घेता, मिळालेल्या फाइलींवरच साइट चालते का, हीच कोड पूर्ण मिळाल्याची खरी कसोटी. चित्रे गायब असतील, किंवा ऑर्डरचे पान रिकामे येत असेल, तर काही तरी मागे राहिले आहे. त्यानंतर सर्व प्रशासक पासवर्ड, डेटाबेसचा पासवर्ड (वर्डप्रेसमध्ये तो `wp-config.php` मध्ये असतो), पेमेंट गेटवेच्या चाव्या आणि सर्व्हरवरच्या एसएसएच चाव्या बदलाव्यात. जुन्या चाव्या तशाच ठेवून फक्त लॉगिनचा पासवर्ड बदलणे ही हमखास घडणारी चूक आहे.

मोबदल्याचा हिशेब झालेल्या कामावर करावा. उदाहरणात दोघांनी साठ टक्के काम पूर्ण मानले तर ७२,००० रुपये होतात. ४८,००० वजा जाता २४,००० उरतात. ही रक्कम एकदम देऊ नये आणि अडवूनही ठेवू नये. समजुतीच्या करारात असे लिहावे की डोमेन दुकानाच्या खात्यात दिसताच १२,००० आणि नव्या होस्टिंगवर साइट चालू झाल्यावर उरलेले १२,०००. कोडच्या हक्काचे हस्तांतर शेवटच्या पैशाबरोबर लागू होईल, हेही त्यातच यावे. डेव्हलपरला हे न्याय्य वाटते, कारण त्याचा हक्क पैसे मिळेपर्यंत त्याच्याकडे राहतो, आणि दुकानालाही काही हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यावी लागत नाही.

रागाच्या भरात दोन गोष्टी होतात, त्या टाळाव्यात. दुकानदार जुन्या पासवर्डने डेव्हलपरच्या स्वतःच्या खात्यात शिरतो, किंवा डेव्हलपर पैशांसाठी साइट बंद करतो. परवानगीशिवाय संगणकात शिरणे, डेटा नष्ट करणे किंवा अधिकृत व्यक्तीला प्रवेश नाकारणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ खाली येते. अप्रामाणिक हेतूने तसे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे चालतात. महाराष्ट्रात ही जबाबदारी माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे आहे.

डोमेन देण्यास नकारच मिळाला, तर .in साठी आयएनडीआरपी आणि .com साठी यूडीआरपी या लवाद पद्धती आहेत. दोन्हींत नावावरचा आपला हक्क, समोरच्याला वैध हितसंबंध नसणे आणि त्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो. डेव्हलपरने दुकानासाठीच, दुकानाच्या सांगण्यावरून नाव घेतले होते, हे सिद्ध करणारी बिले आणि व्हॉट्सअॅप संदेश तिथे उपयोगी पडतात. पण निव्वळ पैशांचा वाद असेल तर लवाद तो दिवाणी न्यायालयाचा विषय म्हणून बाजूला ठेवू शकतो. शिवाय यूडीआरपीत डब्ल्यूआयपीओकडे एका लवादासमोर जायचे शुल्कच १,५०० डॉलर आहे, म्हणजे उदाहरणातल्या पूर्ण करारापेक्षाही जास्त.