सरासरीचा वर्ग आणि वर्गांची सरासरी

एखाद्या आलेखावरचे कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले आणि ती रेषा त्यांच्या मधल्या आलेखाच्या खाली कुठेच गेली नाही, तर त्या फलाला बहिर्वक्र म्हणतात. y = x² चा वाडग्यासारखा आलेख हे त्याचे ओळखीचे उदाहरण. अशा फलांबद्दलची एक असमानता डॅनिश गणिती योहान येन्सन यांनी 1906 साली प्रसिद्ध केली. येन्सन कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अभियंता होते आणि गणित फावल्या वेळात करत. त्यांची असमानता सांगते की, फल बहिर्वक्र असेल तर फलाच्या किमतींची सरासरी ही सरासरीवर काढलेल्या फलाच्या किमतीहून कधीच कमी नसते:

f(E(X)) ≤ E(f(X))

चौरस आकाराचे दोन भूखंड घेऊ. एकाची बाजू 10 मीटर, दुसऱ्याची 30 मीटर. बाजूंची सरासरी 20 मीटर, तिचा वर्ग 400. पण प्रत्यक्ष क्षेत्रफळे 100 आणि 900 चौरस मीटर असून त्यांची सरासरी 500 येते. सरासरी बाजूवरून क्षेत्रफळाचा अंदाज बांधणारा दर भूखंडामागे 100 चौरस मीटरला चुकतो, आणि नेहमी कमीच्या बाजूला चुकतो.

असे का होते, हे स्पर्शिकेवरून कळते. x = 20 या ठिकाणी आलेखाला स्पर्शिका काढली, तर तिचे समीकरण y = 40x − 400 असते. आलेख तिच्या किती वर आहे, ते वजाबाकीने मिळते:

x² − (40x − 400) = (x − 20)²

हा वर्ग असल्यामुळे तो ऋण होऊच शकत नाही. रेषेवरच्या किमतींची सरासरी मात्र सरासरी बाजूशी असलेल्या किमतीइतकीच, म्हणजे 400 येते. मग वरचे 100 कुठून आले? ते (x − 20)² ची सरासरी आहेत. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची ही सरासरी म्हणजेच संख्याशास्त्रातला व्हेरिअन्स:

E(X²) − (E(X))² = Var(X)

वर्गाच्या बाबतीत येन्सनची असमानता अशी फरकाचे नेमके मापही देते. ही वर्गाची खासियत आहे. इतर बहिर्वक्र फलांसाठी फरकाचे इतके सुटसुटीत सूत्र नसते. सर्व भूखंड सारखेच असतील तरच हा फरक शून्य होतो.

फल बहिर्वक्र आहे की नाही, हे न तपासता असमानता वापरणे धोक्याचे. x³ हे फल ऋण संख्यांवर बहिर्वक्र नाही. −3 आणि 1 यांची सरासरी −1, तिचा घन −1. पण घनांची सरासरी −13, म्हणजे उलट लहान. वर्गमुळाचा आलेख खाली न वाकता वर फुगलेला असतो, म्हणून तिथे असमानतेची दिशाच फिरते. 100 आणि 900 यांच्या वर्गमुळांची सरासरी 20, पण त्यांच्या सरासरीचे, म्हणजे 500 चे, वर्गमूळ सुमारे 22.36 आहे. याच कारणाने नमुन्यावरून काढलेला व्हेरिअन्सचा अंदाज सरासरीने अचूक असला, तरी त्याचे वर्गमूळ घेऊन मिळवलेले प्रमाण विचलन सरासरीने थोडे कमीच भरते.